वाघ पहिला, पुंजणं तिसरं

शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मुलं भाग घेतात, असं फक्त बिनलेकराच्या माणसांना वाटतं. भाग आई घेते, खर्च बाप करतो, उपदेश आजोबा करतात आणि मुलगा मंचावर जाऊन रडतो. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत तर भानगड आणखी मोठी, कारण आम्ही पडलो झाडीपट्टीतले. दिवाळी सरली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि जानेवारीत स्नेहसंमेलन येईपर्यंत ड्रेपरीवाल्यांशी निम्म्या गावाची ओळख झालेली असते. त्यामुळे दर वर्षी चार-पाच शिवाजी महाराज हमखास. जिरेटोप मोठ्या माणसाच्या मापाचा, म्हणून महाराजांना समोरचं काही दिसत नसे. एका वर्षी दोन महाराज एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या माता विंगेत एकमेकींवर.

मग मुख्याध्यापकांनी नियम करायचे ठरवलं आणि मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे वेळ मोजणं आणि गुणांची बेरीज ही दोन कामं माझ्या गळ्यात पडली.

विषय ठरला, ‘आपला भंडारा जिल्हा’. म्हणजे महाराज बाद. भाड्याचा पोशाख चालेल, पण घरी केलेल्या पोशाखाला वेशभूषेच्या गुणांत झुकतं माप. मंचावर आग, पाणी, काच आणि जिवंत प्राणी आणू नये. ही शेवटची अट कोंबडा घेऊन येणाऱ्या एका पालकासाठीच होती आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

गट वयाप्रमाणे करावेत की वर्गाप्रमाणे, यावर बराच खल झाला. वयाप्रमाणे म्हटलं की लोक आधार कार्ड घेऊन येतात आणि एका महिन्यावरून भांडतात, म्हणून वर्गाप्रमाणेच ठेवले: बालवाडी ते पहिली, दुसरी ते चौथी, पाचवी ते सातवी. छोट्या गटाला संवादाचे गुण ठेवायचे नाहीत, हे बालवाडीच्या ताईंनी सांगितलं. साडेतीन वर्षांचं पोर माइक पाहून गप्प बसलं तर तो त्याचा शहाणपणा समजावा, असं त्यांचं मत.

वेळ प्रत्येकी दोन मिनिटं. मुलं ३८. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘७६ मिनिटं, म्हणजे सव्वा तासात उरकलं.’’ हे गणित कागदावर बरोबर होतं. पण पायऱ्या चढणं, शेपटी सावरणं, माइक खाली करणं आणि उतरताना आईला शोधणं, याला मुलामागे एक मिनिट लागतंच. म्हणजे दोन तास, तेही कोणी रडलं नाही तर. शिवाय घड्याळ सुरू कधी करायचं? मंचावर पाय ठेवल्यापासून म्हणावं तर मोठे पोशाख घातलेली मुलं माइकपर्यंत पोचण्यातच हरणार. म्हणून ठरलं की पहिल्या शब्दापासून. दीड मिनिटाला एक घंटा, दोन मिनिटांना दोन, त्यापुढे प्रत्येक पंधरा सेकंदांना प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून एकेक वजा.

या नियमाचा फायदा सगळ्यात आधी धानाच्या पुंजण्याला झाला. चौथीतला मुलगा, अंगभर तणस बांधलेली, वर सुपाएवढी टोपी. घेर एवढा की विंगेच्या दारात तो अडकला. मागून आजोबांनी ढकललं, पुढून शिपाईमामांनी ओढलं आणि पुंजणं मंचावर आलं तेव्हा निम्मं दारातच राहिलं होतं. बोलला मात्र झकास. रोवणीपासून मळणीपर्यंत सगळं सांगितलं, फक्त मधेमधे खाजवत होता.

छोट्या गटात एक मुलगा गोसीखुर्द धरण होऊन आला होता. बापाने पुठ्ठ्याचे ३३ दरवाजे केले होते, मोजून. धरणाने टाळ्या ऐकल्या, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि मंचावर पाणी आणू नये हा नियम आपल्या पद्धतीने मोडला. गुण कापावेत का, असं मला विचारण्यात आलं. पाणी बाहेरून आणलेलं नाही, असा निर्णय मी दिला.

खरी गंमत मधल्या गटात झाली. परीक्षक तिघे. एक जुने गुरुजी, एक शेजारच्या शाळेच्या मॅडम आणि तिसरा झाडीपट्टीचा नट. परीक्षणाच्या तक्त्यावर चार रकाने होते: वेशभूषा, विषयाशी संबंध, संवाद, धीटपणा. प्रत्येकी दहा, एकूण ४०. गुरुजींनी आयुष्यात कोणाला नापास केलं नव्हतं. त्यांचे गुण सगळे ३० आणि ३५च्या दरम्यान. मॅडमचंही तसंच. नट मात्र रात्रभर चालणाऱ्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा गडी. ज्याचा आवाज पोचला नाही त्याला तो माणसात धरत नसे.

पुढे आले तिघे: पुंजणं, पितळेचा गुंड आणि ‘जय’ वाघ. आमच्याकडे लहान पोरालाही जय माहीत आहे. नागझिऱ्यातून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेलेला तो प्रचंड वाघ, ज्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असूनही तो २०१६ साली बेपत्ता झाला. या पोराच्या गळ्यात जुन्या ट्रान्झिस्टरचं खोकं होतं आणि डरकाळी अशी की बालवाडीची दोन मुलं घरी गेली.

गुरुजींनी पुंजण्याला ३४, गुंडाला ३३, वाघाला ३२ दिले. मॅडमनी ३३, ३२, ३१. म्हणजे दोघांच्याही मते पुंजणं पहिलं, वाघ तिसरा. नटाने वाघाला ३६, गुंडाला ३० आणि पुंजण्याला तणसातून आवाज आला नाही म्हणून २०. बेरीज केली. वाघ ९९, गुंड ९५, पुंजणं ८७.

मी बँकेत बेरजा करण्यातच आयुष्य घालवलं, पण असा ताळेबंद पाहिला नव्हता. जो परीक्षक सगळ्यांना सारखेच गुण देतो, त्याच्या एका गुणाच्या फरकाला काही वजनच राहत नाही. जो ३६ आणि २० देतो, तो एकटा निकाल लावतो. खात्री करावी म्हणून मी मागच्या कागदावर गुणांऐवजी प्रत्येकाने दिलेला क्रमांक मांडला. पुंजणं एक, एक, तीन, म्हणजे पाच. गुंड दोन, दोन, दोन, म्हणजे सहा. वाघ तीन, तीन, एक, म्हणजे सात. बेरीज कमी तो वर, या हिशोबाने निकाल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उलटा! तेच परीक्षक, तीच पोरं.

मुख्याध्यापकांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी नियमावली काढली. ‘एकूण गुणांवरून क्रमांक’ असं छापलेलं होतं. ‘‘छापलेलं बदलायचं नाही,’’ ते म्हणाले आणि दुसरा कागद घडी करून खिशात टाकला. नियमाच्या दृष्टीने बरोबरच. स्पर्धा संपल्यावर पद्धत बदलली असती, तर गुंडाची आई सोडून सगळ्यांनीच मला धरलं असतं. गुंड दोन्हीकडे दुसराच.

बक्षिसासाठी वाघाचं नाव पुकारलं. वाघ नाही. पुन्हा पुकारलं. माइकवरचे सर घाईत बोलून गेले, ‘‘जय बेपत्ता आहे,’’ आणि सभागृहात टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं हाही सादरीकरणाचाच भाग. शेवटी तो मसालेभाताच्या पातेल्याजवळ सापडला. कॉलर काढून ठेवलेली होती, कारण जेवताना टोचत होती.

तेवढ्यात पुंजण्याचे आजोबा माझ्या टेबलाशी आले. अंगावर नातवाची बरीचशी तणस.

‘‘का जी साहेब, माह्या नातवाले दोघायनं पयला नंबर देला म्हन्ते. मंग तिसरा कसा आला?’’

तक्ता समोर धरून मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग नटाचा २०चा आकडा बोटाने दाबून म्हणाले, ‘‘हा मानूस धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होता का जी?’’

‘‘नाही हो, नट आहे.’’

‘‘ग्रेडर बरा मंग. तो ओल सतरा टक्क्याच्या वर हाये म्हून माल वापस करते, तवा मशीन तरी दाखवते.’’


नट शेजारीच भात खात होता. त्याने मान वर केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, ‘‘आजोबा, तुमचा आवाज छान आहे. यंदा एखादं काम कराल का?’’