समुपदेशक व्हा, ऐकायची गरज नाही

अभिनंदन! पदविकेची फी भरून झाली, जाड वही आणून झाली, आणि नात्यातल्या दोघातिघांनी तुमच्याशी मोकळं बोलणं थांबवलंही. आता पहिला रोल-प्ले. तिघांचा गट असतो: एक समुपदेशक, एक क्लायंट आणि कोपऱ्यात कागद घेऊन बसलेला निरीक्षक. घाबरू नका. समोरच्या माणसाला फारसं बोलू न देता पन्नास मिनिटं कशी काढायची, हे सरावाने कुणालाही जमतं.

या कौशल्यांचे तुकडे पाडले ते अमेरिकेत अ‍ॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६०च्या दशकात. लक्ष देणं, भावना ओळखून परत सांगणं, सारांश करणं असं एकेक कौशल्य सुटं काढून, व्हिडिओवर स्वतःला बघत शिकता येतं, असं त्यांनी १९६८ मध्ये मांडलं. आपण तेच तुकडे घेणार आहोत. फक्त जोडायचे कसे नाहीत, ते बघू.

समजा, समोरची बाई म्हणते: "सासूबाईंना लकवा मारला त्याला वर्ष झालं. डायपर, औषधं, फिजिओवाला, सगळं मीच बघते. धाकटा दीर महिन्यातून एकदा येतो, तासभर पाय चेपतो, जाताना पाचशेची नोट उशाखाली ठेवतो. मग सासूबाई आठवडाभर शेजारणींना सांगतात, माझं बाळ किती करतं. मी काही बोलत नाही."

१. लगेच प्रश्न विचारा, आणि बंद विचारा.

"उजवी बाजू गेली की डावी? फिजिओ रोज येतो का? मिस्टर कुठे असतात? मुलं किती?" प्रत्येकाचं उत्तर एका शब्दात मिळतं आणि वही भराभर भरते. चौथ्या प्रश्नापर्यंत बाईंना कळून चुकतं की इथे विचारायचं काम तुमचं आणि उत्तर देऊन गप्प बसायचं काम त्यांचं. त्यांची उत्तरं आखूड होत जातील. तुमचं जमतंय याची ही खूण. निरीक्षकाच्या कागदावर तुमची वाक्यं त्यांच्यापेक्षा जास्त भरली, की निम्मी लढाई जिंकलीच.

एक ठिकाण मात्र सोडा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे विचारायची वेळ आली तर ते सरळ, हो-नाही उत्तराचंच विचारतात. नेमका तिथेच नवशिक्या एकाएकी मुक्त प्रश्नांचा भक्त होतो आणि "पुढे काय काय वाटतं?" असं म्हणून गोल गोल फिरतो.

मुक्त प्रश्न विचारल्याचं समाधान हवंच असेल, तर "का" वापरा. "तुम्ही दिराला काही बोलत का नाही?" दिसायला हा मुक्तच आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपली उलटतपासणी चाललीय. बाई लगेच बचावाला येतात: "घरात उगाच वाद नको." संपलं. "ती नोट दिसते तेव्हा तुमच्या मनात काय येतं?" असं चुकूनही विचारू नका. त्या सांगतील.

सल्ला द्यायची फार उबळ आली तरी दाबू नका, बिचारे तुम्ही किती सोसणार? शेवटी प्रश्नचिन्ह लावा म्हणजे झालं: "दिवसभराची बाई ठेवून बघितलं नाहीत का?" निरीक्षकाला प्रश्न ऐकू जातो आणि क्लायंटला तुमची आत्याबाई.

२. प्रतिबिंबन करा, म्हणजे शेवटचे तीन शब्द परत म्हणा.

"म्हणजे, तुम्ही काही बोलत नाही." त्या म्हणतील, "हो, तेच म्हणाले मी." गंभीरपणे मान हलवा. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीची अशी पोपटपंची करून लोकांनी इतकी वर्षं त्यांना छळलं, की १९८६ मध्ये त्यांना लिहून सांगावं लागलं: मी भावना परत फेकत नसतो, मला समोरच्याचं म्हणणं नीट कळलंय का, हे तपासून पाहत असतो. हे वाचायच्या भानगडीत पडू नका. तपासायचं म्हटलं की आपलं चुकू शकतं, हे आलंच.

पोपटपंचीचा कंटाळा आला तर भावनेचं नाव सांगा, पण दोन पायऱ्या वरचं. बाई दमल्या असतील तर "तुम्हाला खोल नैराश्य आलंय." चिडल्या असतील तर "तुमच्या मनात दिराबद्दल द्वेष आहे." आवाज शेवटी खाली आणायचा, न्यायाधीश निकाल वाचतो तसा. त्या हळूच म्हणतील, "द्वेष नाही हो." मग समजुतीने सांगा, "स्वीकारायला वेळ लागतो."

तुमच्याच वर्गात एखादी असते, तिला हे काही जमत नाही. ती जरा चाचरत म्हणते, "एवढं करून नाव त्यांचं होतं, ते कुठेतरी लागतं... असं काही आहे का?" आणि गप्प बसते. बाई विचार करतात. "लागतं असं नाही. हसूच येतं खरं तर. पण मग रात्री झोप लागत नाही." बघा! तिचा अंदाज चुकला आणि तरी बाई पुढे बोलल्या, कारण वाक्य दुरुस्त करायला जागा ठेवली होती. असा धोका तुम्ही पत्करू नका.

शिवाय ती गप्प बसली ते पाच-सहा सेकंद. तेवढ्यात पंख्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, आणि बाई मनातल्या मनात शब्द जुळवत असतात. अशा शांततेवर लगोलग एखादा प्रश्न टाका. दोन टाकलेत तर आणखी बरं, त्यातल्या सोप्याचं उत्तर देऊन त्या सुटतात.

३. सारांश शेवटी, एकदाच आणि पंचनाम्यासारखा.

"तर, सासूबाईंना लकवा, कालावधी एक वर्ष, फिजिओ चालू, दीर महिन्यातून एकदा, नोट पाचशेची." तपशील एकही गळता कामा नये. झोपेचं तेवढं गळू द्या, ते वहीत नव्हतं. मग तुमचा निष्कर्ष त्यांच्या तोंडी घाला: "म्हणजे मूळ प्रश्न दिराशी संवादाचा आहे, असं तुमचं म्हणणं." त्यांनी असं काही म्हटलेलं नाही, पण आता वेळही उरलेली नाही.

ज्यांना काम वाढवून घ्यायचंय ते मधेच थांबून दोन वाक्यांत सांगतात: "वर्षभर सगळं तुम्ही करता, कौतुक दिरांचं होतं. त्याचं हसू येतं, पण रात्र जागी जाते. माझ्याकडून काही सुटलं का?" त्या शेवटच्या प्रश्नापासून सांभाळून राहा. सुटलेलं नेहमी असतंच.

तो विचारला नाहीत तर ते दारापाशी निघेल. पर्स खांद्याला लावून, चपलेत पाय सरकवता सरकवता बाई म्हणतील, "दीर म्हणतायत, पुढच्या महिन्यात आईंना घेऊन जातो. आणि मला ते नकोय, का कोण जाणे." असं झालं तर घड्याळाकडे बोट दाखवा, पुढच्या वेळी नक्की बोलू म्हणा, आणि फाइलमध्ये लिहा: क्लायंटचा प्रतिसाद चांगला, दिराशी संवाद वाढवण्याचा गृहपाठ दिला.