दोन इंचांचा हिशेब

माझे पाय जमिनीला टेकतात, पण आळीपाळीने. पाच फूट चार इंचांच्या माणसाने साडेतीनशे सीसीची गाडी घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही, आणि असतं तरी मी ते वाचलं नसतं. गाडी २०१५ ची, एका उंच गृहस्थाकडून घेतलेली. सिग्नलला मी डावा पाय टेकवायचो आणि उजवा हवेत ठेवायचो. शेजारच्या स्कूटरवरच्या बाई काळजीने बघायच्या.

दुसरं दुखणं हातांचं. वाईला जाऊन आलो की तळहात बधिर आणि मानेत उसण. हँडल लांब आणि खाली, त्यामुळे मी अख्ख्या वाटेत गाडीला नमस्कार घालत असल्यासारखा वाकलेला. यावर उपाय म्हणून मी दोन गोष्टी एकाच आठवड्यात केल्या. सीट कापायला टाकली आणि हँडल उचलणारे दोन इंची रायझर मागवले. रायझर म्हणजे हँडल आणि त्याला धरणारा क्लॅम्प यांच्यामध्ये बसणारे धातूचे दोन ठोकळे. दोन्ही एकदम केल्या हीच माझी चूक, पण ती कळायला रविवार उजाडावा लागला.

सीटचं काम नाना पेठेतल्या एका कुशनवाल्याकडे झालं. त्याने टेप काढली नाही. मला गाडीवर बसवलं, मांड्या जिथे घासत होत्या तिथे खडूने रेघा ओढल्या आणि म्हणाला, "काका, तुमची सीट उंच नाही, रुंद आहे." खरंच होतं. तोंडाशी रुंद असलेल्या सीटवर पाय आधी बाहेर जातात आणि मग खाली येतात, म्हणजे उंची फुकट जाते. त्याने रेक्झिन सोडवलं, फोमचं तोंड दोन्ही बाजूंनी निमुळतं केलं आणि बसायच्या जागेवरून तीन सेंटीमीटर फोम उतरवला. आणखी काढ म्हणालो तर तयार होईना. फोम फार पातळ झाला की खालचा कडक पाट लागतो, आणि मग पन्नास किलोमीटरनंतर माणूस उंचीबद्दल नव्हे, इतर गोष्टींबद्दल बोलायला लागतो. घरी आलो, दोन्ही पायांचे चवडे टेकले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी तेवढ्यावर हुरळून गेलो.

त्या आनंदातच रविवारी रायझर बसवले. हँडल वर आलं, मी ताठ बसलो, आरशात पाहिलं तर एखाद्या संस्थानिकासारखा. गाडी चालू केली, हँडल डावीकडे वळवलं आणि गाडी आपोआप रेस झाली. मी ॲक्सिलेटरला हातही लावला नव्हता. सरळ केलं, शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा रेस. भाचा म्हणाला, "मामा, गाडीला यू-टर्नची घाई झाली वाटतं."

मेकॅनिकला फोन केला. तो आला, हसला नाही, आणि त्यामुळे मी जास्त घाबरलो. त्याचं म्हणणं असं. केबल म्हणजे बाहेरचं आवरण आणि आत तार. आवरणाची लांबी कारखान्यात ठरते, मूळ हँडल जिथे असतं तिथून थोडं जास्त. आपण हँडल दोन इंच वर नेलं की ते 'थोडं जास्त' संपतं. वळवताना आवरण ताणलं की आतली तार ओढली जाते, आणि कोणी न फिरवताही रेस वाढते. क्लचचंही तेच. तिथे लिव्हर ओढताना सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर रिकामे जायला हवेत. माझ्या गाडीत आता ते शून्य होते. म्हणजे मी क्लच न दाबताही तो किंचित दाबलेलाच राहणार, प्लेटा घसरत राहणार आणि हजारभर किलोमीटरांत जळक्या वासासकट बिल येणार.

"आणि ब्रेकची नळी?" मी विचारलं. ती मला बरी दिसत होती, चांगली कमानदार.

"ती आता बघू," तो म्हणाला. गाडी मेन स्टँडवर घेतली आणि भाच्याला मागच्या कॅरिअरवर बसवलं. गाडीचं तोंड वर उचललं गेलं, पुढचं चाक हवेत लटकलं आणि पुढचे शॉकप पूर्ण लांबीला उघडले. मग त्याने हँडल या टोकाला नेलं, त्या टोकाला नेलं. उजव्या टोकाला मघाची कमानदार नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झाली. मास्टर सिलिंडर हँडलवर आणि कॅलिपर चाकाशी. गाडी उभी असताना शॉकप दबलेले, म्हणून मध्ये सैल दिसते. स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक खाली जातं तेव्हा नळीला खरी लांबी लागते. रोज असा झटका बसला तर नळी मधे नाही फाटत, टोकाला जिथे धातूत दाबलेली असते तिथे सुटते. मी मघाशी ती परीक्षा गाडी चारी अंगाने जमिनीवर असताना घेतली होती. पेपर सोपाच काढला होता म्हणायचा.

पर्याय होता. लांब नळी घ्यायची, दोन्ही टोकांच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर टाकायचे, ऑइल भरून हवा काढायची. मेकॅनिकने ते सांगितलं आणि मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "सीट किती कापली?"

"तीन सेंटीमीटर."

"मग काका, हँडल तेवढं आधीच वर आलंय की."

मी बराच वेळ गप्प होतो. माझं बूड तीन सेंटीमीटर खाली गेलं होतं, म्हणजे माझ्या खांद्यांच्या दृष्टीने हँडल तीन सेंटीमीटर चढलं होतं, एकाही केबलला धक्का न लावता. आणि त्यावर मी आणखी पाच लादले होते. एरवी हिशेबात मी बरा आहे.

दोन इंची ठोकळे निघाले. मूळ क्लॅम्पमध्येच हँडल थोडं माझ्याकडे फिरवलं. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा क्लॅम्प सैल करून त्याची वाटी पुन्हा समतल केली, कारण वाटी फार कलली की ब्रेक ऑइल तळाच्या भोकापासून सरकतं आणि आत हवा शिरू शकते. मग त्याने आपल्या डब्यातून एक इंची रायझर काढून लावून पाहिले. क्लचची केबल मागच्या मालकाने हेडलाइटच्या वायरींना प्लास्टिकच्या टायने आवळून ठेवली होती. तो टाय कापताच बोटभर सैलपणा मोकळा झाला. भाचा पुन्हा कॅरिअरवर बसला, चाक लटकलं, हँडल दोन्ही टोकांना गेलं. नळीत बाक राहिला, क्लचमध्ये तीन मिलिमीटर रिकामे आले, आणि चालू इंजिनचा आवाज हँडल कुठेही नेलं तरी बदलला नाही. शेवटी हँडल पूर्ण वळवून मूठ टाकीवर आपटत नाही ना, माझा अंगठा मध्ये सापडत नाही ना, हेही त्याने माझाच अंगठा वापरून पाहिलं.

परवा वाईला जाऊन आलो. हात जागेवर होते. मान थोडी दुखली, पण ती दुखण्याची तिला गाडीशिवायही सवय आहे.

दोन इंची रायझर परत करायची मुदत उलटून गेली होती. बायकोने ते उचलले आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पुढच्या पायांखाली सरकवले. नेमके बसले. मी कपाट हलवून पाहिलं, दारं दोन्ही टोकांपर्यंत उघडून पाहिली. "काय बघताय?" तिने विचारलं. काही नाही म्हणालो. कपाटाला केबल नसते.