आजीला पत्र, आईची लाल शाई

योग्याकार्तातल्या आमच्या घरमालकीणबाईंना सारी गल्ली ‘इबू’ म्हणते, म्हणजे आई. त्यांचा मुलगा जाकार्तात शिकतो. तिथे दिवसभर इंडोनेशियन भाषा बोलायची, त्यामुळे जावानीज येते ती सुट्टीपुरती. त्याने क्लातेनला राहणाऱ्या आजीला, म्हणजे एयांगना, पत्र लिहिलं आणि कच्चा खर्डा आधी आईकडे धाडला. इबूंनी तो छापून घेतला, चहाचा पेला बाजूला सरकवला आणि लाल पेन उघडलं. जावानीज शिकायला म्हणून मी समोर बसलो होतो. मला त्या दिवशी फुकटात शिकवणी मिळाली.

पहिलंच वाक्य ‘आकु’ने सुरू होत होतं. मैत्रिणीशी, धाकट्या भावाशी किंवा स्वतःच्या मनाशी बोलायची साधी पातळी ती ‘ङोको’, आणि ‘आकु’ तिथला. आजीशी बोलायचं तर ‘क्रोमो’ हवी आणि तिथे मी म्हणजे ‘कुलो’. पोराने दुसऱ्या वाक्यापासून ‘कुलो’ लिहिलं होतं खरं, पण मध्येच ‘विस’ आला. ‘झालं’ या अर्थाचा हा शब्दही ङोकोचाच. इबूंनी तो खोडून ‘साम्पुन’ केला. पुढे ‘ग्रियोने’ होतं. ‘ग्रियो’ म्हणजे घर, शब्द क्रोमोचा, आणि त्याला चिकटलेला प्रत्यय मात्र ङोकोचा. वर कोट आणि खाली लुंगी!

“हे सगळं क्षम्य आहे,” इबू म्हणाल्या. “खरी गंमत पुढे आहे.”

पुढे लिहिलं होतं, ‘कुलो साम्पुन डाहार’. म्हणजे, मी जेवलो. आता क्रोमो कोणाशी बोलतो यावर ठरते, पण तिच्यावर आणखी एक शब्दसाठा आहे, तो कोणाबद्दल बोलतो यावर ठरतो. त्या ‘इंगिल’ म्हणजे उंच शब्दांनी थोरांचं जेवण, आजारपण, शरीर आणि घर सांगतात. ‘डाहार’ त्यातला. आजी डाहार करते, आपण नुसतं ‘नेडो’ करायचं. आपल्याकडे ‘आजी जेवल्या’ म्हणून क्रियापदाचं रूप बदललं की मान राखला जातो. इथे शब्दच बदलतो, आणि तो स्वतःला लावला की माणूस स्वतःच स्वतःच्या पाया पडतो.

पोराने हा सोहळा पत्रभर केला होता. परवा त्याला ‘गेराह’ झालं होतं. हा थोरांचा आजार, त्याला नुसतं ‘साकित’ होऊ शकतं. सुट्टीत तो आजीकडे ‘तिंदाक’ करणार होता. इबूंनी ‘सोवान’ लिहिलं, कारण थोरांकडे जाण्याला हा खालच्या बाजूने बोलायचा शब्द आहे. तो तिला खाऊ ‘मारिंगी’ करणार होता. तसं देतो राजा, किंवा आजी. नातवाने ‘न्याओसी’ करावं. आणि आजी? पत्रातल्या आजीच्या वाट्याला आलं होतं साधं ‘माङान’ आणि ‘लोरो’, म्हणजे गल्लीतल्या मित्रासारखं जेवण आणि मित्रासारखंच दुखणं. खुणा संपल्या तेव्हा कळलं, पत्रात नातू एयांग झाला होता आणि एयांग नातू.

वडिलांचं वाक्य मात्र सर्वांत अवघड निघालं. ‘बापाक मला म्हणाले’ इथे पोराने ‘मातुर’ वापरलं होतं. खालच्याने वरच्याला सांगायचं ते मातुर, म्हणून इथे ‘ङेंदिको’ हवं. पण तेच बापाक एयांगना काही सांगत असते तर मातुरच बरोबर ठरलं असतं. माणूस तोच, समोरचा बदलला की क्रियापद उंची बदलतं.

“शाळेत शिकवत नाहीत का हे?” मी विचारलं.

“शिकवतात. पण त्याआधी घरी शिकवलं ना,” आतल्या खोलीतून बापाक म्हणाले, “तुम्हीच!”

इबूंचं पेन थांबलं. गोष्ट खरी होती. जावामधल्या आया लहान मुलांशी मुद्दाम थोरांचे शब्द बोलतात, म्हणजे मुलं ते ऐकून मोठ्यांना वापरतील. घास भरवताना ‘डाहार’ म्हणायचं, बाहेर नेताना ‘तिंदाक’. मुलगा मात्र इमानदारीने एवढंच शिकतो की मी जेवतो त्याला डाहार म्हणतात. आणि आजी त्याच्याशी कायम ङोकोत बोलत आली, तेव्हा तिचे शब्द तिलाच परत करणं त्याला रीतसर वाटलं असणार.

सहीपाशी पोराने ‘वायाह’ लिहिलं होतं. हाही नातवासाठी उंच शब्द, साधा ‘पुतू’. मी उत्साहाने बोट ठेवलं. इबू हसल्या. ते बरोबर आहे, म्हणाल्या, नातू एयांगचा आहे ना, म्हणून मान आजीच्या वस्तूला.

पत्र गेलं. आजीचं उत्तर फोनवर आलं, दोन ओळींचं, ठणठणीत ङोकोत: ‘ले, विस माङान? खाऊ लवकर आण, आणि हे कुणाकडून लिहून घेतलंस?’