सहपत्र : एक विनंती

आभाराचा मेसेज आला की हल्ली मी तो शेवटून वाचतो. तुम्हीही तसंच करत असाल. दुपारी घरी असणाऱ्या आणि दुसऱ्याच्या वस्तू घेऊन ठेवणाऱ्या पुण्यातल्या कुठल्याही माणसावर ही वेळ येते. चहा घ्या, प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोघंही हिंजवडीला नोकरीला. एका मंगळवारी त्यांचा गॅस सिलिंडर आला तेव्हा घराला कुलूप होतं. त्यातल्या मुलाने मला फोनवर कोड सांगितला, मी तो डिलिव्हरीवाल्याला सांगितला, दाराबाहेर ठेवलेला रिकामा सिलिंडर त्याला उचलायला लावला, भरलेल्याचं सील पाहिलं आणि तो आमच्या पॅसेजमध्ये ठेवून घेतला. रात्री मुलगा येऊन घेऊन गेला. विषय संपला होता. शनिवारी रात्री दहा वाजता मेसेज आला :

‘काका, परवा सिलिंडर घेऊन ठेवलात, खूप खूप आभार. तुमच्यासारखे शेजारी मिळायला भाग्य लागतं. उद्या सकाळी इंटरनेटवाला येतोय आणि आम्ही लोणावळ्याला निघतोय, तर किल्ली तुमच्याकडे देऊन ठेवतो.’ शेवटी जोडलेले हात.

हा मजकूर तीन वाक्यांचा आहे आणि खरी कामगिरी मधल्या वाक्याची आहे. पहिलं वाक्य झालेल्या कामाबद्दल बोलतं. त्यात वस्तू आहे, प्रसंग आहे, तक्रारीला जागा नाही. दुसऱ्या वाक्यात सिलिंडर गायब होतो आणि माझा स्वभाव येतो. स्वभाव म्हणजे उद्याही असणारी गोष्ट. एकदा मी ‘तसा शेजारी’ ठरलो की किल्ली ठेवून घेणं त्या पदाच्या कर्तव्यातच बसतं. म्हणून तिसऱ्या वाक्यात प्रश्नचिन्हच नाही. ‘ठेवू का?’ नाही, ‘ठेवतो’. मंजुरी दुसऱ्या वाक्यातच घेऊन झालेली आहे.

आता उत्तर काय द्यायचं ते सांगा. मेसेजवर बोट दाबून धरलं की अंगठा, बदाम वगैरेंची रांग उघडते. व्हॉट्सअॅपवर ही सोय २०२२ साली आली. मी अंगठा दिला तो सिलिंडरच्या आभारांना. पण अंगठा वाक्याला लागत नाही, अख्ख्या मेसेजला लागतो. मेसेज उजवीकडे सरकवून उत्तर लिहिलं तरी वर अवतरतो तो सगळा मेसेजच. त्यातलं एक वाक्य सुटं धरता येत नाही. आभार स्वीकारले की विनंतीही मान्य झाली, अशी ही एकखिडकी योजना आहे. रविवारी सकाळी सातला किल्ली दारात, अकराला इंटरनेटवाला दारात, आणि वायर कुठल्या भिंतीतून घ्यायची हे एका परक्या घरात उभा राहून मी ठरवतोय. माझा मंडईचा रविवार गेला.

आपल्याकडे कागदी पत्रातही लोक कामं सांगायचेच. पण ‘कळावे’ लिहून, सही करून, खाली ‘ता. क.’ घालून सांगायचे. पोस्टकार्डाच्या कडेला आडवं लिहिलेलं असलं तरी कुशल कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं हे डोळ्यांना दिसायचं. ती मधली जागा आता उरलेली नाही.

या जोडणीची ताकद किती असते, हे अमेरिकेत अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो या दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र लोकांना तपासायला दिलं. त्यांनी अभिप्राय पाठवल्यावर त्या विद्यार्थ्याच्या नावाने उत्तर गेलं : अभिप्राय मिळाला, आता आणखी एक पत्र तपासून द्याल का? काहींना एवढंच गेलं; काहींच्या उत्तरात आभाराचे दोन शब्द जादा होते. नुसत्या पोचेवर सुमारे ३२ टक्के लोकांनी पुन्हा मदत केली, आभारांसह ६६ टक्के लोकांनी. जीनो यांच्या इतर काही संशोधनावर पुढे गंभीर आक्षेप आले, त्यामुळे आकडे थोडे हातचे राखून घ्यावेत. पण कारण जे दिलंय ते मला रविवारी सकाळी अकराला पटलेलं होतं : आपली कोणाला तरी किंमत आहे असं वाटलं की माणूस नाही म्हणत नाही. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी आधी पिशवीत टाकावी आणि मग भाव सांगावा, तसं ते आहे.

मग खरे आभार ओळखायचे कसे? वेळेवरून ओळखावेत असं पुष्कळ जण म्हणतात. मंगळवारचे आभार शनिवारी, म्हणजे नेमकी गरज लागल्यावर आले, यावर बोट ठेवतात. मला ही कसोटी अपुरी वाटते. दिवसभर हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेला माणूस खरोखर उशिरा आठवू शकतो. दुसरी वाक्यं झाकून पहिलं एकटं उभं राहतं का, हेही पाहतात. ते तर इथेही राहतं.

माझी कसोटी त्याच घरात सापडली. मुलाची आई त्याच मंगळवारी संध्याकाळी गावाहून आली होती. बुधवारी ती वाटीत पुरण घेऊन खाली आली आणि म्हणाली, “भाऊ, काल रात्री माहेरची माणसं यायची होती, डाळ अर्धी शिजली आणि गॅस संपला. तुम्ही सिलिंडर घेतला नसता तर पुरण तसंच राहिलं असतं.” ही बातमी मला ठाऊक नव्हती. माझ्या मदतीचं पुढे काय झालं, हे ज्याला मदत झाली त्यालाच माहीत असतं. खऱ्या आभारात ते आपोआप सांगितलं जातं. मुलाच्या मेसेजमध्ये मला माहीत नसलेलं एकच होतं : इंटरनेटवाला.

यालाही अपवाद आहेत, ते मी मान्य करतो. काम त्याच प्रकरणातलं असेल, म्हणजे ‘सिलिंडर घेतलात, आभार, पावती तुमच्याकडेच राहिली का?’, तर ती लपवलेली विनंती नव्हे. दवाखान्याची घाई असेल तर आभारांचीही गरज नाही, किल्ली फेका. आणि मुलगा कृतघ्न आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्याला आभार वाटत असतीलच. पण विनंतीला टेकू म्हणून लावले की ते किती खरे हे मला कळायची सोय राहत नाही, आणि बहुधा त्यालाही.

पुढच्या खेपेला पार्सलचे आभार आले आणि त्याच दमात मांजराला दूध घालण्याचं काम आलं. तेव्हा मी अंगठा दिला नाही. दोन वेगळे मेसेज लिहिले. पहिला : ‘पार्सलचं काही विशेष नाही, वस्तू फुटली नव्हती ना?’ दुसरा : ‘मांजराचं उद्या जमणार नाही, बहिणीकडे सदाशिव पेठेत जायचंय.’ दुसऱ्याला ‘ओके काका’ आलं. पहिल्याला काही वेळाने उत्तर आलं, आणि ते लांब होतं : बायकोच्या वाढदिवसाचा दिवा होता, काच शाबूत निघाली, आता बैठकीत लावलाय, बघायला या. म्हणजे आभार खरे होते. मांजर बाजूला केल्याशिवाय ते दिसले नव्हते.

परवा त्याने नुसतंच विचारलं, ‘काका, रविवारी शिडी मिळेल का?’ प्रश्नचिन्हासह. मी शिडी शनिवारीच वर नेऊन दिली.