तीन दशांश स्थळांपर्यंतची भूक

सरकारी योजनांच्या हिशेबाला लोक उगाच नावे ठेवतात. एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन पोषण आहाराची साठा नोंदवही उघडा. आरंभीची शिल्लक, आज आलेला माल, एकूण, लाभार्थी, आजचा खर्च, अखेरची शिल्लक. एवढा चोख हिशेब सोनारही ठेवत नाही. तांदूळ किलोत, आणि किलोनंतर दशांशाची तीन स्थळे. म्हणजे ग्रॅमपर्यंत. ज्या शाळेतला वजनकाटा दोन वर्षांपासून कपाटावर उताणा पडला आहे, तीच शाळा दुपारी बारा वाजता सांगू शकते की आज नऊ किलो चारशे ग्रॅम तांदूळ शिजला. नऊ किलो तीनशे नव्याण्णव नव्हे.

हा चमत्कार कसा घडतो, ते समजून घेण्यासारखे आहे.

नियम सोपा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य. सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम आणि 30 ग्रॅम. आता पहिली ते सातवीची एक शाळा घ्या. आज लहान गटातली 61 पोरे हजर, मोठ्या गटातली 22. लहानांचा तांदूळ 6.100, मोठ्यांचा 3.300. डाळ अनुक्रमे 1.220 आणि 0.660. लहान गटाच्या वहीत काल 142.300 शिल्लक होती, ती 136.200 झाली. मोठ्या गटाच्या वहीत 58.450 होती, ती 55.150. संपला हिशेब. यात पोते कुठे आले नाही, माप आले नाही, चूलही आली नाही. हजेरी गुणिले प्रमाण, एवढेच. तांदूळ मोजायची गरजच उरली नाही.

आणि दोन वह्या का, तर दोन गटांचे अनुदान वेगळे, प्रमाण वेगळे. भात मात्र एकाच पातेल्यात शिजतो. त्या पातेल्यातला कोणता दाणा पाचवीचा आणि कोणता सहावीचा, हे फक्त गुरुजींना कळते, तेही लिहिताना.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना गुणाकाराशी देणेघेणे नसते. त्यांचा एक मापाचा डबा असतो आणि एक नजर असते. पाऊस पडला, पोरे गारठली की त्या म्हणतात, "गुरुजी, आज दोन डबे जास्ती घालते." संकष्टीला निम्मी पोरे जेवत नाहीत, तेव्हा त्या हात आखडतात. पहिलीतली चिमुरडी शंभर ग्रॅमचा भात बघूनच दमते. पाचवीतला शेतावर राबणारा पोरगा तिचाही संपवून पुन्हा ताट पुढे करतो. बाजाराच्या दिवशी प्रार्थनेला 83 पोरे असतात आणि मधल्या सुट्टीत त्यातली दहा आठवड्याच्या बाजारात. वहीला यातले काही ठाऊक नाही. तिच्या लेखी महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेकराची भूक शासन निर्णयाप्रमाणे सारखी आहे.

तेव्हा वही एकीकडे उतरत जाते आणि पोते दुसरीकडे. महिनाअखेरीस दोघांची गाठ पडते, ती बहुधा साहेबांच्या भेटीच्या दिवशी.

आता या 191.350 किलोचेच बघू. दोन्ही वह्यांची बेरीज एवढी येते. खोलीत तीन शिवलेली पोती आणि एक उघडे. वहीप्रमाणे उघड्या पोत्यात 41.350 हवेत. कपाटावरचा काटा काढला, धूळ झटकली, पोते टांगले. निघाले 45. म्हणजे 3.650 जास्त. कोणत्याही व्यापाऱ्याला आनंद झाला असता. साहेबांच्या कपाळाला आठी.

"जास्त निघाला म्हणजे पोरांना कमी घातला, नाहीतर पोरे कमी असताना जास्त दाखवली."

"साहेब, मागच्या महिन्यात चार किलो कमी होता."

"मग तेव्हा तुम्ही नेला."

कमी निघाला तर अपहार, जास्त निघाला तर बोगस लाभार्थी. नेमका निघाला तर साहेबांना संशय, कारण नेमका कधीच निघत नाही. गुरुजी तिन्ही बाजूंनी अडकलेले असतात.

शिवलेल्या पोत्यांविषयी तर बोलायलाच नको. माल उतरवणारा पावतीवर पोत्याला पन्नास लिहितो. त्या पन्नासात बारदान धरले आहे का, हा प्रश्न विचारेपर्यंत टेम्पो पुढच्या शाळेकडे निघालेला असतो. तागाचे रिकामे पोते अर्ध्या किलोहून जास्त भरते. दहा पोत्यांत पाच किलो बारदान आपण तांदूळ म्हणून जमा केले, तर ती लहान गटातल्या पन्नास पोरांची एका दिवसाची थाळी झाली. ती कधी कोणी खाल्लेली नसते, पण वहीतून हळूहळू खर्ची पडावी लागते. यावर उपाय साधा आहे: उतरवतानाच एक पोते काट्यावर चढवायचे आणि पावतीवर निव्वळ वजन लिहून घ्यायचे. पण ज्या काट्याने हे करायचे तो कपाटावर, आणि टेम्पोवाल्याला घाई.

कडधान्यांची कथा आणखी रंजक. आठवड्याचा तक्ता ठरलेला असतो: आज मटकी, उद्या मसूर. पुरवठा आपल्या मर्जीने येतो. मसूर संपते, चवळी अकरा किलो पडून असते. मावशी शहाण्या, त्या चवळी शिजवतात. वही आज्ञाधारक, ती मसूर लिहिते. काही दिवसांनी मसुरीची शिल्लक उणे होते, म्हणजे कागदोपत्री पोरांनी अशी मसूर खाल्ली जी शाळेत कधी आलीच नव्हती. मग गुरुजी उसनवारीची नोंद करतात, दुकानदार ओळखीचा असतो. इकडे चवळीची शिल्लक कोणी हात न लावल्यासारखी 11.240 वर ठाम उभी. तिला भुंगे लागलेले असतात, आतून पोकळ झालेली असते, पण वहीत तिचे एक ग्रॅमही घटत नाही. भुंग्यांची हजेरी घेण्याची तरतूद नाही. खराब माल काढायचा तर पंचनामा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वर पत्रव्यवहार. त्यापेक्षा भुंगे परवडतात.

राहिला प्रश्न त्या जादा साडेतीन किलोंचा. गुरुजींपुढे दोन वाटा. पहिली कागदाची: लहान गटातल्या 35 हजेऱ्या कमी दाखवल्या की साडेतीन किलो विरघळतो. पंगतीत बसून जेवलेली पोरे आठवडाभर वहीत गैरहजर राहतात. दुसरी वाट पातेल्याची: दोन दिवस मावशींना सांगायचे, सैल हाताने घाला. कमी निघाला की उलट, आखडता हात. कागदाची चूक दुरुस्त होते ती पोरांच्या ताटात, आणि ताटाची नोंद कुठेच होत नाही. वहीतला पुढचा आकडा बघा, तो पुन्हा तीन दशांशांपर्यंत नेटका.

भेट संपताना गुरुजींनी धाडस केले. वहीत एक रकाना वाढवावा, म्हणाले. आजचा खर्च प्रमाणाप्रमाणे किती हे आहेच. त्याच्या शेजारी, मावशींनी प्रत्यक्ष किती काढला, ते काट्यावर मोजून लिहू. दोन्हीतला फरक दिसला की कोणत्या दिवशी पोरे उपाशी राहतात आणि कोणत्या दिवशी भात उरतो, ते कळेल. पोते कमी निघाले तर कधीपासून, तेही कळेल.

साहेबांनी शेऱ्याचे पान उघडले, तारीख टाकली आणि म्हणाले, "फरक दिसेल म्हणता? मग लेखापरीक्षणात तो कोण मिटवणार?"

शेरा लिहिला: साठा तपासला, नोंदवही अद्ययावत आहे.