लाल दिव्याचे वैरी

प्रत्येक सोसायटीत एक तरी अण्णा असे असतात, की ज्यांना टीव्हीचा इवलासा लाल दिवा सहन होत नाही. रात्री सगळे आडवे झाले की ते टॉर्च घेऊन गस्तीला निघतात आणि टीव्हीचं बटण भिंतीवरच खटकन बंद करतात. "रिमोटनं बंद केलेला टीव्ही म्हणजे जागा चोर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलाच्या मॉनिटरवर मात्र रात्रभर रंगीत मासे पोहत असतात. त्यांना ते हात लावत नाहीत, कारण अण्णांच्या लेखी तो मॉनिटर बिचारा झोपलेला असतो.

एका रविवारी सून म्हणाली, "अण्णा, एकदा मोजूनच बघू या." जिन्याखालच्या मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं होतं, म्हणजे त्यावरचा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी 1125 ला भागलं की वॅट मिळतात.

फ्रिजसकट सगळं घर बंद करून फक्त टीव्ही स्टँडबायवर ठेवला. अण्णा घड्याळ धरून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पण दिवा ढिम्म! "मीटर बिघडलंय," अण्णांनी निकाल दिला. सून म्हणाली, "बिघडलं नाही. अर्ध्या वॅटला लुकलुकायला सदतीस मिनिटं लागतील, आणि एवढ्या बारीक करंटवर मीटर हलेलच असंही नाही. फ्रिज चालू असला की त्याच्याबरोबर हाही मोजला जातो, इतकंच." दिवसाचे एकोणीस तास स्टँडबाय आणि युनिटला दहा रुपये धरले, तर त्या चोराची वर्षाची कमाई निघाली पस्तीस रुपये.

मग टीव्ही काढून नुसता सेट-टॉप बॉक्स लावला, तोही रिमोटनं बंद करून. दिवा दर 112 सेकंदांनी लुकलुकू लागला. म्हणजे दहा वॅट! तेच एकोणीस तास हा डबाही असाच "बंद" असतो, त्याचे वर्षाला जवळजवळ सातशे रुपये. मॉनिटरवरच्या माशांनी पंचवीस वॅट दाखवले, कारण स्क्रीनसेव्हर चालू असला तरी मागचा प्रकाश जळतच असतो. मॉनिटर खरोखर स्लीपमध्ये घातला, तेव्हा मीटर पुन्हा ढिम्म.

शेवटी टीव्ही आणि डबा दोन्ही चालू केले. अण्णांच्या लाडक्या "व्हिव्हिड" चित्राला दहा सेकंदांत लुकलुक, म्हणजे 112 वॅट. पॉवर सेव्हिंग लावल्यावर पंधरा सेकंद, म्हणजे 75. रोज पाच तास पाहिलं, तर या एका सेटिंगचा फरक वर्षाला पावणेसातशे रुपये.

अण्णांनी डब्याचं बटण ताबडतोब गस्तीच्या यादीत घेतलं. तो सुरू व्हायला वेळ खातो, म्हणून काकूंच्या मालिकेआधी पाच मिनिटं तो चालू करायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. स्क्रीनसेव्हर गेला, मासे गेले. पॉवर सेव्हिंग मात्र दोनच दिवस टिकलं, कारण तिसऱ्या दिवशी भारताची मॅच होती. पस्तीस रुपयांसाठी मध्यरात्री उठणारे अण्णा पावणेसातशे रुपयांसाठी मैदानाची हिरवळ फिकी करायला काही तयार होईनात.