दोन दिवसांच्या रजेची अडीच पानं

आमच्या खुटबावातून पुण्याला नोकरीला जाणाऱ्यांच्या लिखाणाला शटलचा गुण लागतो. यवत, उरुळी, लोणी, मांजरी असं एकही स्टेशन न चुकवता ते मुक्कामाला पोचतं. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या माझ्या पुतण्याने परवा रजेचा अर्ज वाचायला आणून दिला. माझी हयात आस्थापना शाखेत गेल्यामुळे घरातला प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो. रजा दोन दिवसांची होती, अर्ज अडीच पानांचा.

"आपण मला वडिलांसमान आहात. माझे वडीलही आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. १६ तारखेला चुलत बहिणीचं लग्न आहे. मुलगा केडगावचा, निर्व्यसनी. शिवाय कालव्याचं आवर्तन सुटलं असून आमची पाळी रात्री २ वाजता आहे. शिवाय म्हैस व्यायला झाली आहे. शिवाय मलाही कणकण वाटते. तरी हात जोडून विनंती की रजा द्यावी. मी जाणारच आहे."

"यात रजा कुठाय रे?" मी विचारलं.

"शेवटून दुसऱ्या ओळीत, नाना."

मी पेन्सिल घेतली. त्याला वाटत होतं, चार कारणं दिली की रजा चौपट पक्की. साहेब मात्र प्रत्येक कारणाला एक प्रश्न विचारतो. कणकण म्हटली की डॉक्टरांचा दाखला मागतो. म्हशीचं म्हटलं की तारीख विचारतो, आणि ती म्हशीलाही ठाऊक नसते. रात्री २ वाजता तर कचेरीच बंद असते, मग रजा कशाला? उरलं लग्न. त्याला तारीख आहे, मुहूर्त आहे आणि साहेबाच्या घरीही कधीतरी ते झालेलं आहे. बाकी सगळं खोडलं.

'मी जाणारच आहे' हे वाक्य तर आधी काढलं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ सांगतात, की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पण म्हणून हातही जोडायचे नसतात. विनंती एकदाच करायची, आणि तीही शेवटी.

मग जे नव्हतं ते घातलं. रजा कोणती? नैमित्तिक. ती वर्षाला ८ दिवस मिळते आणि न घेतलेली ३१ डिसेंबरला बुडते. म्हणून डिसेंबरात प्रत्येक कचेरीत अचानक नातेवाईक वाढतात. किती दिवस? नुसतं 'लग्नापुरती' म्हटलं, तर हिशेब ठेवणारा बिचारा वरातीची वाट बघत बसतो. तारखा, वार आणि दिवसांची संख्या तिन्ही लिहायची. एकात चूक झाली तर दुसरं ती पकडून देतं. टेबल कोण सांभाळणार, तेही हवं, कारण साहेबाची खरी काळजी लग्नाची नसून टपालाची असते. आणि मुख्यालय सोडायची परवानगी. पुतण्याचं मुख्यालय पुणे. ते तो रोज संध्याकाळी सोडतो, पण कागदावर सोडायला परवानगी लागते.

उरला तो अर्ज असा:

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख

विषय : दोन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर होणेबाबत.

महोदय,
माझ्या चुलत बहिणीचा विवाह दि. १६ मे २०२५ रोजी आहे. त्यासाठी दि. १५ मे (गुरुवार) व १६ मे (शुक्रवार) अशी २ दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी, तसेच दि. १७ व १८ मे या लागून येणाऱ्या सुट्ट्यांसह मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. रजाकाळात माझे काम शेजारच्या टेबलावरील लिपिक पाहतील. त्यांची संमती घेतली आहे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पदनाम)

"मग पुढच्या मंगळवारपर्यंतच घेतो," पुतण्याला हुरूप आला.

नैमित्तिक रजेत मधला शनिवार-रविवार धरत नाहीत, म्हणजे ४ दिवस गेले. तीच अर्जित रजा घेतली असती तर मधल्या सुट्ट्याही मोजून ६ गेले असते, आणि तिला असा साधा अर्ज चालत नाही. छापील नमुना भरावा लागतो. हे सांगितल्यावर त्याने बोटांवर हिशेब केला आणि दोन दिवसांवरच समाधान मानलं.

अर्ज घडी करून खिशात ठेवताना मात्र त्याचा चेहरा पडला. "नाना, नवरा मुलगा निर्व्यसनी आहे, एवढं तरी राहू द्यायचं होतं."

"ते साहेबांना तोंडी सांग," मी म्हणालो. "म्हशीचंही सांग. तोंडी बोललेल्याला आवक क्रमांक पडत नाही."